सहदेव भुवडांनी रेनसूटला दिलेले चार स्टार

आमच्या कुरिअरच्या ब्रँचमध्ये सगळ्यात भित्रा माणूस कोण, असं विचारलंत तर शेंबडं पोरसुद्धा सांगेल, सहदेवभाऊ. मी काउंटरला बसते. पार्सलं वजन करायची, पावत्या द्यायच्या आणि ‘आमचं पार्सल अजून कसं नाही आलं’ म्हणून लोकांची बोलणी खायची, हे माझं काम. त्यामुळे हा माणूस मी वर्षानुवर्षं रोज निघताना आणि परत येताना बघते आहे. त्याच्या भित्रेपणावर आम्ही हसलो नाही असा दिवस गेला नसेल.

सहदेव भुवड मूळचे पालीच्या आतल्या एका वाडीतले. घरची भातशेती, तीही खायपुरती. वाडीतले सगळे गेले तसे हेही तरुणपणी मुंबईला गेले, एका कारखान्यात लागले. तिथे शेजारच्या माणसाचं बोट मशीनमध्ये गेलं. दुसऱ्या दिवशी सहदेवभाऊ ट्रंकेसकट गावी हजर! घरच्यांनी विचारलं, तुझं काय झालं? तर म्हणाले, “माझं काय नाय झालं, म्हणूनच आलो.” मग लग्न झालं, चंपावहिनी आल्या, आणि हे रत्नागिरीत कुरिअरला लागले ते आजतागायत.

गाडीचा काटा चाळीसच्या वर गेलेला कुणी पाहिला नाही. कुत्र्यांसाठी खिशात बिस्किटं. वीज चमकली की जवळच्या घराची पडवी गाठायची, घरातली माणसं ओळखीची असोत नाहीतर नसोत. पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी चढलेलं दिसलं की गाडी वळवायची आणि दहा मैलांचा फेरा घालायचा. वळण दिसलं की हॉर्न. समर्थ म्हणून आमचा दुसरा रायडर आहे, पोरगा भारी टवाळ. तो म्हणतो, “काका देवळात प्रदक्षिणा घालताना पण हॉर्न देतात.” सहदेवभाऊ हसतात. राग नावाची गोष्ट त्या माणसाकडे नाही. माझ्याकडे आहे, दोघांपुरती आहे.

पण एक सांगते. इतक्या वर्षांत हा माणूस एकदाही पडला नाही, आणि त्यांचं एकही पार्सल भिजलं नाही. त्यामुळे हसायचं ते हसायचं, पण टायर कुठला घ्यावा, ब्रेक कधी बदलावा, हे विचारायला सगळे यांच्याकडेच. सहदेवभाऊ ज्याला चांगलं म्हणाले ते चांगलंच, कारण घाबरटाइतकी पारख कोण करतो?

गेल्या वर्षी जूनमध्ये त्यांनी ऑनलाइन रेनसूट मागवला. जॅकेट वेगळं, पँट वेगळी. आधी ते गुडघ्याच्या खाली येणारा जुना लांब रेनकोट आणि खाली ढगळ प्लॅस्टिकची पँट घालायचे. हातखंब्याचा रूट त्यांच्याकडे. हायवेचे ट्रक, तांबडा चिखल, खणून ठेवलेला रस्ता, सगळं त्यांच्या वाट्याला. चार महिने त्यांनी तो सूट अंगावर वागवला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाऊस उघडला आणि त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला, वस्तू कशी वाटली, रिव्ह्यू लिहा. आपण असला मेसेज बघतो आणि पुसतो. यांनी मनावर घेतलं. एका बोटाने टाइप करत रोज चहाच्या वेळी थोडं थोडं लिहिलं. आणि पाठवण्याआधी आम्हाला उभं राहून वाचून दाखवलं, शाळेत निबंध वाचतात तसं.

“मी रत्नागिरीत कुरिअरची गाडी चालवतो. हा सूट पूर्ण सीझन रोज वापरला. जॅकेट चांगलं आहे. चेन आणि तिच्यावरची पट्टी दोन्ही नीट लावली तर छातीला थेंब लागत नाही. टोपी हेल्मेटखाली घालू नये. मान वळवली तरी टोपी वळत नाही आणि बाजूचं दिसत नाही. कॉलर वर ओढून मग हेल्मेट घालावं. खिसा वॉटरप्रूफ म्हणतात पण नाही. मोबाइल पिशवीत गुंडाळून आतल्या शर्टात ठेवावा. घाम येतो. ऑगस्टपासून पँटीला बसायच्या जागी शिवणीतून ओल यायला लागली, कारण आतून चिकटवलेली पट्टी सुटली. सूट चुलीजवळ किंवा सायलेन्सरवर वाळवू नये, उलटा करून वाऱ्यावर टांगावा. रंग राखाडी आहे, पावसात दिसत नाही, वरून चमकणारा पट्टा घालावा. नेहमीपेक्षा एक साइज मोठा घ्यावा, म्हणजे गाडीवर गुडघा दुमडला तरी पँट वर चढत नाही आणि बुटात पाणी जात नाही. पूर्ण सीझनमध्ये एकदाही पडलो नाही. बसायच्या जागेचा एक स्टार कापला. चार स्टार.”

“काका, तुम्ही पडला नाहीत त्यात सुटाचं काय कर्तृत्व?” समर्थने विचारलं.

“असू दे रे. खरं तेच लिवलंय,” सहदेवभाऊ म्हणाले आणि बटण दाबलं.

तो रिव्ह्यू असा काही चालला की विचारू नका. सीझन संपल्यावर त्या सुटावर सेल लागला, आणि सगळ्यात वर यांचाच रिव्ह्यू दिसायचा. खाली आकडा यायचा, इतक्या लोकांना हा उपयोगी वाटला. सहदेवभाऊ रोज सकाळी आकडा बघायचे. शंभराच्या वर गेला तेव्हा त्यांनी आम्हाला भजी दिली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांच्या भीतीला शाबासकी देत होतं, आणि मला खरंच बरं वाटलं होतं.

आता माझ्या मुलीचं सांगते. राही बावीस वर्षांची. गणपतीनंतर आमच्याच ब्रँचला पावस गावाचा रूट रिकामा झाला आणि ही म्हणाली, मी करते. तिचे बाबा मुंबईला नोकरीला, त्यांची मोटरसायकल घरी पडवीत उभी. राही ती कॉलेजपासून चालवायची. तिच्या बाबांनी फोनवर ‘कर की’ म्हणून टाकलं. त्यांना काय जातंय? दिवसभर घड्याळाकडे मी बघायचं. माझा जीव थाऱ्यावर नसायचा. तिची गाडी दारात वाजली की मी उगाचच तिच्यावर खेकसायचे. काळजी मला नीट दाखवता येत नाही, ती माझ्या तोंडून शिव्या होऊन बाहेर पडते.

तिचा रेनकोट फाटका होता. परतीचा पाऊस अजून यायचा होता. सेल लागला तेव्हा मीच म्हटलं, “सहदेवभाऊंनी लिहिलंय तोच घे. आणि त्यांनी सांगितलंय तसा एक साइज मोठा.” सूट आला. राहीने घालून दाखवला. पोत्यात शिरल्यासारखी दिसत होती. पँट बुटावर लोळत होती, बूट पार झाकले गेले होते. खाली घोट्याशी आवळायला वेल्क्रोची चिकटपट्टी होती, ती तिने आवळली. मला तेव्हा वाटलं, चला, पाय तरी कोरडे राहतील हिचे.

आठ-दहा दिवस कोरडे गेले. मग एक दिवस सकाळपासून असा कोसळायला लागला की समोरचं दुकान दिसेना. दिवाळीची पार्सलं येऊन पडलेली, सुट्टीचा प्रश्नच नव्हता. राही नवा सूट चढवून पावसला गेली. मी काउंटरवरून ओरडले, “हळू जा गं.” ती म्हणाली, “हो गं आई, रोज तेच.” आणि गेली.

दुपारी सहदेवभाऊ हातखंब्याहून परतले. दारात निथळत उभे राहिले, बाकावर बसले आणि पायांपाशी वाकले. घोट्यांवरून त्यांनी काळ्या रबराच्या दोन पट्ट्या काढल्या. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या असतात ना, पार्सलं बांधायला आम्ही वापरतो, त्याच. हे मी रोज बघत होते. पण बघणं वेगळं आणि दिसणं वेगळं. त्या दिवशी गिऱ्हाईक कुणी नव्हतं, मन राहीपाशी होतं, काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “ते पायाला कशाला हो बांधता?”

“कुठलं?” ते म्हणाले. त्यांनाच कळेना. मग हातातल्या पट्ट्यांकडे बघून म्हणाले, “हे होय. पँट अडकू नये म्हणून. थांबताना डावा पाय खाली टेकायला घेतला ना, की सैल पँटीचं तोंड फूटरेस्टच्या टोकात जातं. पाय हवेतच राहतो आणि गाडी कलंडते. ती चिकटपट्टी काय कामाची नाय. चिखल भरला की धरत नाय ती. जुनी पँट होती तेव्हापासून बांधतो मी.”

“मग तुम्ही लिहिलंत ना ते रिव्ह्यूत?”

 सहदेवभाऊंनी शर्टातला मोबाइल काढला, पिशवी सोडवली, ओल्या बोटाने उघडेना म्हणून बोट बनियनला पुसलं. ओठ हलवत वाचत गेले. शेवटपर्यंत गेले. परत वरून वाचलं. त्यांचा चेहरा उतरताना मी बघत होते.

“नाय लिवलं,” ते म्हणाले. “ताई, राहीने कुठला साइज घेतला?”

मी फोन लावला. रिंग गेली, उचलला नाही. परत लावला. मोबाइल सुटाच्या आत, शर्टात, पिशवीत गुंडाळलेला असणार, यांनीच तर लिहिलं होतं. तिसऱ्यांदा लावला तेव्हा सहदेवभाऊ परत जॅकेट चढवत होते. मी शटर ओढलं, माझा घरचा रेनकोट घातला आणि त्यांच्या मागे बसले. मला थांबा म्हणायची त्यांची टाप नव्हती.

भाट्याच्या पुलावर वारा असा होता की गाडी आडवी ढकलत होता. खाडी आणि आभाळ एकाच रंगाचं झालेलं. आणि हा माणूस चालवतोय तिशीने!

“अहो, जरा पळवा ना!” मी त्यांच्या कानात ओरडले.

“नाय जमत ताई.”

“माझी पोरगी तिकडे आहे आणि तुम्ही वरातीत चालल्यासारखे काय चाललाय?”

“पडलो तर पोचायचोच नाय,” ते म्हणाले. मी त्यांच्या खांद्यावर एक गुद्दा हाणला. खरंच हाणला. त्यांनी काटा पस्तिसावर नेला, बस.

माझ्या डोळ्यापुढे काय काय येत होतं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, आज सांगते. मला तिचा पाय दिसत होता, हवेत. खाली रस्ता आहे, आणि पाय काही खाली येत नाही. आणि बाजूने काहीतरी मोठं येतंय. मी डोळे मिटून त्रिशरण म्हणत होते. पुढे सहदेवभाऊंचं काहीतरी पुटपुटणं चाललं होतं, त्यांच्या गावच्या देवीला हाक मारत असणार.

वर सड्यावर आलो तेव्हा विजा सुरू झाल्या. त्या सड्यावर आडोसा नाही, झाड नाही, नुसता काळा पडलेला कातळ. कडाड करून इतकी जवळ पडली की मला डोळ्यांपुढे पांढरंच दिसलं. मी मनात म्हटलं, संपलं. आता हा गाडी थांबवणार, कुठल्यातरी दगडी गडग्याला टेकून बसणार. त्यांची पाठ माझ्या हातांखाली थडथडत होती, ताप चढल्यासारखी. पण गाडी थांबली नाही. प्रत्येक विजेला ते ‘आई गं’ म्हणत होते आणि चालवत होते. एवढं भ्यालेलं माणूस मी जन्मात पाहिलं नाही.

वाटेत एका कलमांच्या बागेच्या ऑफिसात राहीने पोचवायचं पार्सल होतं. तिथे थांबलो. तिथला माणूस म्हणाला, “ती मुलगी? येऊन गेली की मघाशी. पायाला चिखल लागला होता, मी म्हटलं धुवून घे, तर म्हणाली उशीर होतोय.” मी सहदेवभाऊंकडे पाहिलं. दोघांनाही ती चिकटपट्टी आठवली. आम्ही लगेच परत गाडीवर बसलो.

पुढे उतार आहे, उताराच्या शेवटी अरुंद मोरी, आणि तिथे एसटी उभी होती. एसटीचं दार उघडं. माणसं खाली उतरून भिजत उभी होती. पावसात माणसं खाली उतरून कधी उभी राहतात ते सगळ्यांना माहीत असतं. मी किंचाळले. गाडी थांबायच्या आत मी उडी मारली, पडले, उठले आणि पळाले.

राही रस्त्याकडेच्या गटारात होती. बसलेली. बसलेली, आडवी नाही! कंडक्टरने तिला मागून धरलं होतं. गाडी बाजूला उचलून ठेवलेली, आणि डाव्या फूटरेस्टला राखाडी कापडाचा फाटका तुकडा लोंबत होता. तिचा डावा पाय बघवत नव्हता, पाऊल नको त्या बाजूला वळलं होतं.

“आई,” ती म्हणाली, “पाय टेकलाच नाही गं. मी टेकवत होते, तो टेकलाच नाही.”

एसटीचा ड्रायव्हर मोरीच्या कठड्यावर बसला होता. त्याने सांगितलं ते असं. मोरीवर दोन गाड्या मावत नाहीत, म्हणून पोरीने शहाण्यासारखी गाडी कडेला घेऊन थांबवली. एसटी पुढे आली. ती बाजूने जात असताना पोरगी कलंडली. डावीकडे कलंडली, गटारात. पाय वर अडकलेला, अख्खी गाडी त्याच्यावर. “उजवीकडे कलली असती ना ताई,” तो म्हणाला.  मी एसटीच्या मागच्या चाकाकडे पाहिलं. अजूनही झोपेत मी ते चाक बघते.

सहदेवभाऊ लांब उभे होते. जवळ यायची त्यांना हिंमत होत नव्हती.

घोट्याजवळ हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. ऑपरेशन झालं, प्लेट बसवली. डॉक्टर म्हणाले, चालेल, धावेल, काळजी करू नका. त्यांनी तसं सांगितल्यावर मग माझा बांध फुटला, आणि तो फुटला सहदेवभाऊंवर. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत. “कुत्र्याला घाबरलात, विजेला घाबरलात, जगातल्या सगळ्या गोष्टींना घाबरलात, आणि माझ्या पोरीला सांगायचं तेवढंच विसरलात? वर आणि मोठा साइज घ्या म्हणालात! बांधायचं सांगायचं नव्हतं तर मोठा घ्या कशाला सांगितलंत?”

चंपावहिनी डबा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

“इसरलो नाय वो ताई,” सहदेवभाऊ म्हणाले. डोळ्यातलं पाणी पुसायचंही भान नव्हतं त्यांना. “ते सांगण्यासारखं हाय असं वाटलंच नाय. घराबाहेर पडताना चप्पल घातली, हे कोण लिवतं का?”

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. तोंड फिरवून बसायचे. पार्सलं त्यांच्यासमोर ठेवायचे ती आपटून. राही घरून म्हणायची, “आई, काकांनी मुद्दाम केलं का?” मला कळत होतं, मुद्दाम नाही केलं. पण कळलं म्हणून राग जातो, असं कुणी सांगितलं?

राही पडली त्याच दिवशी त्यांनी रिव्ह्यू बदलला होता. समर्थने मला दाखवला. वरच लिहिलं होतं, “आधी हे वाचा. पँटीचे पाय घोट्याशी रबराने घट्ट बांधल्याशिवाय मोटरसायकल चालवू नका. मी बांधत होतो पण लिहायचं राहिलं. एक मुलगी पडली.” चार स्टार पुसून एक केला होता. शून्य देता येत नाही म्हणून एक.

पण खालचा आकडा तसाच होता. एकशे अठरा लोकांना उपयोगी वाटला. त्यांनी जुनं वाचलं होतं. त्यांना कळवायची काहीच सोय नाही, सहदेवभाऊंनी कंपनीला तीनदा लिहिलं, तीनदा ‘आपल्या प्रतिसादाबद्दल आभार’ आलं. पूर्वी ते सकाळी आकडा बघून हसायचे, आता आकडा बघून घाम पुसायचे. उन्हाळ्यात कडक ऊन पडलेलं असताना समर्थ त्यांना म्हणाला, “काका, झालं ते झालं. इतके महिने झाले, कुणाला काही झालं असतं तर लिहिलं असतं की.”

“आता कसं होईल?” सहदेवभाऊ म्हणाले. “सेलमध्ये घेतलेत सगळ्यांनी. घडी करून ठेवलेत. जून आला की पाकिटं फोडतील.”

मी काउंटरवर होते.  त्या दिवसापासून मीही जूनला घाबरायला लागले.

जून आला. पावसाने जोर धरल्यावर सहदेवभाऊ रस्त्याने जाताना लोकांच्या पायांकडे बघत जायला लागले. नाक्यावर, पेट्रोल पंपावर, राखाडी सूट दिसला की गाडी थांबवायचे, हात करायचे. काहीजण थांबत, बरेचसे शिव्या देऊन निघून जात. सांगायला गेलं की त्यांचं बोलणं अडायचं. समर्थने टवाळी केव्हाच सोडली होती.

आणि एक दिवस सकाळी काउंटरला एक माणूस आला. खेडशीचा होता, मुंबईला काही कागद पाठवायचे होते. बाहेर मोटरसायकलवर त्याची बायको, तिच्या मांडीवर एवढंसं पोर, छत्रीखाली. मी पाकीट वजनाला घेतलं तेवढ्यात आतून सहदेवभाऊ पिशवी घेऊन आले. आले आणि थबकले. माणसाच्या अंगावर तोच सूट. घडीच्या रेघासुद्धा गेल्या नव्हत्या त्याच्यावरच्या. पँट बुटावर लोळत होती.

सहदेवभाऊ खाली बसले आणि त्यांनी त्याची पँट धरली.

“ओ! काय करताय? सोडा!” माणूस मागे सरकला. त्याला वाटलं असेल, वेडा आहे. सहदेवभाऊ काहीतरी बोलू पाहत होते, पण तोंडातून नुसता ‘पाय, पाय’ एवढाच शब्द येत होता. माणूस पाय झटकायला लागला. “ओ काका, लाथ बसेल हां!”

मी काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर आले.

“दादा, हा सूट ऑनलाइन घेतलात? दिवाळीच्या सेलमध्ये?”

“हो. का?”

“एक साइज मोठा घेतलात?”

“हो, म्हणजे... रिव्ह्यूत लिहिलं होतं तसं. आपल्या रत्नागिरीचाच कुणी कुरिअरवाला आहे, त्याने—” तो थांबला. त्याने सहदेवभाऊंजवळच्या कुरिअरच्या पिशवीकडे पाहिलं.

“तो रिव्ह्यू आत्ता परत उघडा,” मी म्हटलं. “वर काय लिहिलंय ते वाचा. ती मुलगी माझी.”

त्याने मोबाइल काढला. वाचलं. मग काचेतून बाहेर बघितलं, बायको पोराच्या डोक्यावरचं टोपरं नीट करत होती.  आणि त्याने सहदेवभाऊंपुढे डावा पाय केला.

सहदेवभाऊंनी खिशातल्या रबराच्या पट्ट्या काढल्या, पण त्यांची गाठ बसेना. मग मी दुसऱ्या पायाशी बसले. सोडलेलं बोलणं असं खाली बसून परत सुरू झालं. मी म्हटलं, “अहो, आधी घडी घाला, मग पट्टी आवळा. द्या इकडे.” आणि ते म्हणाले, “व्हय ताई.” काउंटरवर रांग लागली होती. असू दे म्हटलं.

माणूस निघाला तसे आम्ही दोघं दारात जाऊन उभे राहिलो. पाऊस होता. नाक्यावर ट्रक आडवा आला आणि त्याची गाडी सावकाश होत गेली.  बायको मागे, पोर मध्ये, बाजूने ट्रक सरकत होता. शेजारी सहदेवभाऊ माझ्या पदराचं टोक मुठीत धरून उभे होते, आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

गाडी थांबली.

“टेकला,” सहदेवभाऊ म्हणाले. “ताई, पाय टेकला.”